बघत होता की रोखून बघत होता?

लंडनच्या भुयारी रेल्वेत २०२१-२२ च्या सुमारास लैंगिक छळाविरुद्धची पोस्टरं लागली होती. त्यातल्या एका पोस्टरचा विषय होता, नुसतं बघणं. मजकुराचा आशय असा, की लैंगिक स्वरूपाचं 'इन्ट्रूसिव्ह स्टेअरिंग' हा लैंगिक छळ आहे आणि तो खपवून घेतला जाणार नाही. तेव्हा अनेकांनी विचारलं, की आता बघायचंही नाही का? पण पोस्टर नीट वाचलं तर लक्षात येतं, की लिहिणाऱ्यांनी 'लुकिंग' हा शब्द वापरलाच नव्हता. त्यांनी 'स्टेअरिंग' निवडला होता, आणि तोही त्यांना पुरेसा वाटला नव्हता. त्याच्या आधी एक विशेषण आलं आणि नंतर हेतूही सांगावा लागला.

हेच वाक्य मराठीत लिहायचं झालं तर? 'टक लावून पाहणे हा छळ आहे' असं लिहिलं तर पाळण्यातल्या बाळाकडे बघणारी आईसुद्धा त्यात सापडेल. 'रोखून पाहणे' म्हटलं तर ते भांडणाच्या तयारीत असलेल्या माणसाचं वर्णन वाटेल. 'वाईट नजरेने बघणे' हे अर्थाच्या जवळ जातं, पण मग स्टेअरमधली ती न हलणारी नजर कुठे गेली?

ग्लान्स, ग्लिम्प्स, पिअर, स्टेअर, गेझ. शाळेत आपण या सगळ्यांचा अर्थ 'पाहणे' असा पाठ केला आणि कंसात 'ओझरते', 'एकटक' असं काहीतरी लिहून पुढे गेलो. परदेशात राहायला लागल्यावर मात्र हे शब्द अपघाताच्या फॉर्मवर, मुलांच्या शाळेतल्या तक्रारीत किंवा ऑफिसातल्या एखाद्या ईमेलमध्ये समोर येतात, आणि तिथे चुकीचं क्रियापद महागात पडू शकतं. म्हणून त्यांच्याकडे जरा बारकाईने बघू. सुरुवात डोळ्यापासून करू, कारण ही क्रियापदं डोळ्याच्या हालचालींचं वर्णन करतात असं आपण गृहीत धरतो.

डोळा प्रत्यक्षात काय करतो

हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. अंगठ्याच्या नखाची रुंदी जेवढी दिसते, साधारण तेवढ्याच भागातलं आपल्याला खरोखर स्पष्ट दिसतं. डोळ्याच्या पडद्यावर मध्यभागी एक छोटा खळगा असतो आणि बारीक तपशील टिपणाऱ्या पेशींची तिथे दाटी असते. त्या खळग्याच्या बाहेर चित्र झपाट्याने धूसर होत जातं. तरीही समोरची सगळी खोली स्वच्छ दिसते असं वाटतं, कारण डोळा सतत उड्या मारत असतो. एका जागी साधारण पाव सेकंद थांबतो, मग झेप घेतो आणि पुन्हा थांबतो. सेकंदाला अशा तीनेक झेपा होतात. झेप चालू असताना मेंदू दृश्याकडे जवळपास दुर्लक्ष करतो, म्हणून आपल्याला मधले धक्के जाणवत नाहीत.

आपण एखाद्याकडे 'एकटक' बघतो तेव्हाही डोळा स्थिर नसतो. तो बारीक बारीक थरथरत असतो आणि छोट्या झेपा घेत असतो. १९५० च्या दशकात संशोधकांनी डोळ्यावर बसवलेल्या लेन्सच्या आणि आरशांच्या साहाय्याने एक वेगळी रचना केली. डोळा जसा हलेल तसंच चित्रही हलावं, म्हणजे ते पडद्याच्या त्याच जागी पडत राहावं, अशी ती होती. काही सेकंदांतच ते चित्र फिकट होऊन नाहीसं होऊ लागलं. म्हणजे एखादा डोळा खरोखरच खिळून राहिला, तर त्याला दिसणंच बंद होईल. 'नजर खिळली' हे बाहेरून बघणाऱ्याचं वर्णन झालं.

आता समजा, तुमच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवणारं यंत्र लावलं आहे. ते सांगेल, की डोळा अमुक ठिकाणी ०.२५ सेकंद थांबला, मग तमुक ठिकाणी ०.३ सेकंद. या नोंदीवरून तुम्ही ग्लान्स केलंत की ग्लिम्प्स, पिअर केलंत की स्टेअर, हे सांगता येईल का? बहुतेक वेळा नाही येणार. क्रियापद निवडताना आपण जे ठरवतो, त्यातलं बरंचसं त्या नोंदीत नसतंच. ते काय असतं, हे एकेका जोडीवरून बघता येईल.

ग्लान्स आणि ग्लिम्प्स: नेम आणि लागणं

दोन्ही क्षणभराचे. दोन्हीत डोळा एक-दोनदाच थांबतो. मग फरक कशात आहे?

व्याकरणात एक खूण आहे. ग्लान्सनंतर 'ॲट' लागतो आणि ग्लिम्प्सला थेट कर्म लागतं. बेथ लेव्हिन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मध्ये इंग्रजीतल्या तीन हजारांहून अधिक क्रियापदांची त्यांच्या वाक्यातल्या वागणुकीवरून गटवारी केली. त्यात ग्लान्स, गेझ, पिअर, स्टेअर, पीप, ग्लेअर, लीअर हे सगळे एका गटात आहेत. त्यांना 'ॲट', 'इन्टू', 'थ्रू' असा काहीतरी आधार लागतो. ग्लिम्प्स मात्र दुसऱ्या गटात, 'स्पॉट' आणि 'विटनेस' यांच्या शेजारी बसतो.

हा 'ॲट' नेम धरल्याची खूण आहे. दगड मारणं आणि दगड लागणं यात जो फरक, तोच इथे. 'मी घड्याळाकडे नजर टाकली, पण किती वाजले ते काही कळलं नाही' हे वाक्य बिनचूक आहे. नजर टाकली, ती लागली नाही, एवढंच. पण 'तो मला ओझरता दिसला, पण दिसला नाही' असं म्हणता येत नाही. ग्लिम्प्समध्ये दिसणं झालेलं असतं. थोडं, अपुरं, पण झालेलं.

दुसरी खूण हुकमाची. 'जरा यावर नजर टाक' असं सांगता येतं आणि इंग्रजीतही ग्लान्स वापरून तसं म्हणता येतं. ग्लिम्प्स करण्याचा हुकूम मात्र कोणी कोणाला देत नाही, कारण ती करण्याची गोष्ट नसून घडण्याची आहे. बसच्या खिडकीतून समुद्राचा एक तुकडा चमकून जातो, आपण तो चमकवत नाही.

इथे मराठी माणसाला खरं तर आयती मदत आहे. आपल्याकडे 'मी पाहिलं' आणि 'मला दिसलं' अशी दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात मी कर्ता असतो. दुसऱ्यात मी बाजूला बसलेला असतो आणि गोष्ट माझ्याकडे येते. ओके व्हीबर्ग या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ५० भाषांमधली पाहण्या-ऐकण्याची क्रियापदं ताडून बघितली, तेव्हा करणं आणि अनुभवणं ही फूट त्याच्या मांडणीच्या पायाशी होती. इंग्रजीत ती 'लुक' आणि 'सी' अशी पडते, पण दोन्हीकडे कर्ता 'आय'च राहतो. मराठीत 'मी' बदलून 'मला' होतो, म्हणून ती फूट लगेच कानाला जाणवते. ('मी त्याला काल स्टेशनवर पाहिलं' असंही आपण म्हणतो, तेव्हा ही सीमा अगदी भिंतीसारखी नाही. पण बहुतेक वेळा ती टिकते.)

तेव्हा ग्लान्सचं मराठी 'मी'ने सुरू होतं: मी नजर टाकली, मी कटाक्ष टाकला. ग्लिम्प्सचं 'मला'ने: मला ओझरतं दिसलं, मला झलक दिसली. आपल्यापैकी अनेकजण 'आय ग्लिम्प्स्ड ॲट द क्लॉक' म्हणून जातात, कारण दोन्हींचा अर्थ 'ओझरतं पाहणे' असाच शिकलेला असतो. 'मी की मला' हे आधी ठरवलं तर ही गडबड होत नाही.

आता हे कुठे महत्त्वाचं ठरतं ते बघा. समजा, डावीकडे वळताना तुमच्या गाडीचा एका सायकलस्वाराला धक्का लागला. विम्याच्या फॉर्मवर घडलेलं तुमच्या शब्दांत लिहायचं आहे. 'आय ग्लान्स्ड इन द मिरर' लिहिलंत, तर तुम्ही आरशात बघण्याचं काम केलं, एवढंच ते वाक्य सांगतं. सायकलस्वार दिसला की नाही, यावर ते गप्प आहे. 'आय ग्लिम्प्स्ड द सायक्लिस्ट' लिहिलंत, तर तो तुम्हाला दिसला होता, हे तुम्ही मान्य केलं. मग पुढचा प्रश्न येणारच, की दिसला होता तर वळलात का? तुम्हाला सांगायचं आहे ते 'आरशात बघितलं, पण तो दिसला नाही' असं असेल, तर दुसरं वाक्य तुमच्या विरुद्ध जातं. आणि तो खरोखर ओझरता दिसला असेल, तर पहिलं वाक्य अर्धसत्य आहे.

'बघितलं, पण दिसलं नाही' ही पळवाटच असते असंही नाही. रस्त्यावरच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. डोळा एखाद्या जागेवर थांबतो, पण मोटारी शोधणारा मेंदू सायकलची नोंद घेत नाही. उलट बाजूने, ओझरत्या दिसण्यातही बरंच काही कळतं. सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लोकांना एकेक फोटो फक्त २० मिलिसेकंद दाखवला, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. फोटोत प्राणी आहे का, एवढंच ओळखायचं होतं. बहुतेक उत्तरं बरोबर आली, आणि प्राणी असलेले व नसलेले फोटो यांतला फरक मेंदूच्या विद्युत नोंदीत सुमारे १५० मिलिसेकंदांत उमटला. तेव्हा 'फक्त ग्लिम्प्स होता' म्हणणाऱ्या साक्षीदाराला खरंच काही दिसलेलं असू शकतं, आणि पूर्ण नजर टाकलेल्या ड्रायव्हरला खरंच काही दिसलेलं नसू शकतं.

पिअर आणि पीप: अडथळा कोणाचा?

पिअर या शब्दात वेळेपेक्षा अडचण महत्त्वाची आहे. अंधार आहे, धुकं आहे, अक्षर बारीक आहे, चष्मा घरी राहिला आहे. माणूस मान पुढे काढतो, डोळे बारीक करतो आणि बघतो. डोळे बारीक करण्याने खरंच फायदा होतो. पापण्यांची फट अरुंद झाली की डोळ्यात शिरणारे तिरके किरण अडतात आणि पडद्यावर पडणारा प्रत्येक बिंदूचा धूसर ठिपका लहान होतो. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून बघितलं तर चष्म्याशिवाय घड्याळ वाचता येतं, तेही याच कारणाने.

पिअरमध्ये बघणाऱ्यावर ठपका नसतो, झालंच तर थोडी सहानुभूती असते. मंद उजेडाच्या हॉटेलात मेनूकार्ड हातभर लांब धरून वाचणारे पन्नाशीतले काका 'पिअर' करत असतात. मराठीत याला एक नेमकं क्रियापद नाही. आपण डोळे बारीक करून बघतो, डोळे ताणून बघतो किंवा डोळे फाडून अंधारात बघतो. अडचण डोळ्यांच्या अवस्थेतून सांगतो.

पीपचं उलट आहे. तिथेही आडोसा असतो, पण तो बघणाऱ्याला हवा असतो. पिअर करणाऱ्याला समोरचं दिसत नाही म्हणून तो धडपडतो, आणि पीप करणाऱ्याला आपण दिसायला नको असतो. मराठीत इथे 'डोकावणे' आहे आणि गंमत म्हणजे त्यात डोळ्याचा उल्लेखच नाही. डोकं पुढे येतं, बाकीचं शरीर दाराआड. शेजारीण 'जरा डोकावून जाते' म्हणते तेव्हा त्यात आपुलकी असते आणि 'दुसऱ्याच्या घरात काय डोकावतोस' म्हटलं की तोच शब्द ठपका बनतो. मराठीतलं क्रियापद शरीराची ठेवण सांगतं, आणि वृत्ती कोणती ते आजूबाजूच्या वाक्याने ठरतं. इंग्रजी पीपमध्ये चोरटेपणाची थोडी छटा मुळातच मिसळलेली असते.

स्टेअर आणि गेझ: सेकंद तेवढेच, निकाल वेगळा

आता अवघड जोडी. दोन्हींत नजर बराच वेळ टिकते. किती वेळ टिकली म्हणजे 'बराच' म्हणायचं?

याचं मोजमाप झालेलं आहे. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या सुमारे ५०० लोकांवर झालेला एक अभ्यास निकोला बिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पडद्यावर एक चेहरा थेट तुमच्याकडे बघतो, कधी थोडा वेळ, कधी जास्त. तो वेळ तुम्हाला कमी वाटला की जास्त, हे सांगायचं. लोकांना बरी वाटणारी नजरभेट सरासरी ३.३ सेकंदांची निघाली, आणि बहुतेकांची आवड २ ते ५ सेकंदांच्या मध्ये होती. ९ सेकंदांपेक्षा जास्त कोणालाच नको होती. अर्थात समोर होता तो नटाचा व्हिडिओ, जिवंत माणूस नव्हे, आणि तेही म्युझियमच्या निवांत खोलीत. लोकलच्या गर्दीत हा आकडा तसाच राहील असं समजायचं कारण नाही.

नजर लांबली की समोरचा माणूस काय करतो, हेही बघितलं गेलं आहे. फीबी एल्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये सिग्नलला थांबलेल्या मोटारचालकांवर प्रयोग केले. काही चालकांकडे प्रयोग करणारी व्यक्ती थेट एकटक बघत राहायची, काहींकडे नाही. दिवा हिरवा झाल्यावर, ज्यांच्याकडे एकटक बघितलं होतं त्यांनी चौक लवकर ओलांडला. कोणी काही बोललं नव्हतं, कोणी हातवारे केले नव्हते. नजरेमुळेच त्यांना तिथून निघावंसं वाटलं.

पण तेवढेच सेकंद कोणी समुद्राकडे बघितलं तर? झोपलेल्या मुलाकडे? तिथे इंग्रजी माणूस 'गेझ' म्हणेल. गेझमध्ये बघणारा गुंगलेला असतो. त्यात प्रेम असेल, कौतुक असेल किंवा नुसता विचार असेल, पण सांगणाऱ्याला त्यात काही खटकलेलं नसतं. स्टेअरमध्ये सांगणाऱ्याला ती न हलणारी नजर जाणवलेली असते. ती धक्क्याने, रागाने, उद्धट कुतूहलाने किंवा थकव्याने आलेली असू शकते. म्हणून कादंबरीतला प्रियकर गेझ करतो आणि तोच माणूस मुलीला नकोसा असला, की मुलगी सांगताना स्टेअर म्हणते. डोळ्यांच्या यंत्राला दोघांमध्ये काही फरक सापडणार नाही, कारण स्टेअर हा शब्द बऱ्याच अंशी बघणाऱ्याचं वर्णन नसून सांगणाऱ्याचा निकाल असतो.

हे तपासायची सोपी रीत म्हणजे कर्ता बदलून बघणं. 'ही वॉज स्टेअरिंग ॲट मी' ही तक्रार आहे. 'आय वॉज स्टेअरिंग' ही बहुतेक वेळा कबुली असते आणि तिच्यामागे 'सॉरी' येतं. स्वतःबद्दल सांगताना माणूस सहसा 'लुकिंग' म्हणतो. एकाच घटनेची दोन निवेदनं दोन क्रियापदांत येतात, आणि कोणीही खोटं बोलत असेलच असं नाही.

मराठीत स्टेअरला एक शब्द नाही, कारण आपण त्याचे तुकडे केले आहेत. टक लावून पाहणं हे गुंतून जाणं आहे. ते गेझच्या बरंच जवळ जातं, तरी त्याच्या अतिरेकाला आपण घाबरतो. बाळाकडे कोणी फार वेळ बघितलं की आजी 'टक लावून बघू नका, दृष्ट लागेल' म्हणतेच. रोखून पाहणं हे आव्हान आहे. डोळे वटारणं हा राग आहे आणि तो बहुधा मोठ्याने लहानावर काढलेला असतो. तो ग्लेअरच्या जवळचा. आ वासून बघणं म्हणजे आश्चर्य, शून्यात बघणं म्हणजे मन तिथे नसणं. इंग्रजी स्टेअर हे सगळं पोटात घेतो आणि कोणतं ते संदर्भावर किंवा क्रियाविशेषणावर सोडतो. तेव्हा 'इंग्रजीत बघण्याला किती शब्द आहेत, मराठीत एकच' हे म्हणणं अर्ध्यावरच थांबतं. इंग्रजी बरीच माहिती क्रियापदाच्या आत कोंबते. मराठी ती टक, डोळे, तोंड, डोकं अशा वेगळ्या शब्दात मांडते आणि क्रियापद साधं ठेवते.

मराठीचा ठपका कुठे लपतो

मराठीत वृत्ती सांगायची आणखी एक जागा आहे, आणि ती आपण रोज वापरत असलो तरी लक्षात येत नाही. ती म्हणजे बघण्याला जोडून येणारं दुसरं क्रियापद.

'ती चंद्राकडे बघत राहिली' आणि 'ती चंद्राकडे बघत बसली'. डोळे तेच, चंद्र तोच, वेळही तोच. पहिल्यात भारावणं आहे. दुसऱ्यात गॅसवर दूध उतू गेलं असावं अशी शंका येते. 'राहणे' सांगतं की तिचं भान हरपलं, आणि 'बसणे' सांगतं की तिने वेळ घालवला. इंग्रजीत हा फरक करायचा तर गेझ सोडून दुसरं क्रियापद शोधावं लागतं किंवा एक जादा वाक्य लिहावं लागतं. 'बघून घे' म्हणजे स्वतःच्या उपयोगासाठी नीट बघ. तेच भविष्यकाळात 'बघून घेईन' झालं की धमकी होते आणि त्यात बघण्याचा काही संबंधच उरत नाही.

बघणाऱ्याला दिलेल्या नावातही हेच दिसतं. रस्त्यात अपघात झाला आणि तिघे उभे राहिले. एकाला आपण 'साक्षीदार' म्हणतो, नाटकात असता तर दुसऱ्याला 'प्रेक्षक' म्हटलं असतं, आणि तिसरा 'बघ्या'. 'बघ्यांची गर्दी जमली' या वाक्यात त्यांनी मदत केली नाही हे न सांगता सांगितलेलं असतं. अमेरिकेत हायवेच्या दुसऱ्या बाजूला अपघात झाला, की आपल्या बाजूची वाहतूकही मंदावते आणि रेडिओवर 'रबरनेकिंग' हा शब्द ऐकू येतो. तो आणि 'गॉकिंग' हे आपल्या 'बघ्या'चे सख्खे भाऊ. त्या गर्दीत आपली गाडी अडकली की बाकीचे सगळे बघे असतात, आणि आपण मात्र काय झालं ते 'जरा बघत' असतो.

पोस्टरचं मराठी

आता पुन्हा त्या पोस्टरकडे जाऊ. 'लीअर' हे क्रियापद हाताशी असताना लिहिणाऱ्यांनी 'स्टेअर' का घेतलं असावं? लीअरमध्ये वासना आधीच धरलेली आहे, म्हणून ते निकालाने सुरू होतं. स्टेअरमध्ये बाहेरून दिसणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे न हटणारी नजर, आणि ती शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसालाही दिसू शकते. मग 'इन्ट्रूसिव्ह' सांगतं की समोरच्याला ती नको आहे, आणि हेतू वेगळा सांगितला जातो. त्यामुळे दिवसभराच्या कामाने थकून समोरच्याच्या खांद्यापलीकडे शून्यात बघणारा प्रवासी यातून सुटतो. त्याचंही स्टेअरच असतं, पण बाकीच्या दोन अटी त्याला लागू होत नाहीत.

मराठीत ही वीण तशीच ठेवायची तर एकच शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. तीन भाग तीन ठिकाणी ठेवावे लागतील: 'समोरच्या व्यक्तीला नको असताना, लैंगिक हेतूने तिच्यावर नजर खिळवून बघत राहणे'. वाक्य लांबलं, पण 'राहणे'ने न थांबणं आलं, 'खिळवून'ने न हलणं आलं आणि आई व बाळ बाहेर राहिले.

उलट्या दिशेने अधिक जपावं लागतं. भारतातून आलेली एखादी मावशी किंवा आजी तुम्हाला मराठीत सांगते, 'तो सारखा माझ्याकडे बघत होता', आणि तुम्ही ते इंग्रजीत पोलिसाला किंवा व्यवस्थापकाला सांगणार आहात. 'ही वॉज लुकिंग ॲट मी' असं सरळ भाषांतर केलंत, तर तिच्या 'सारखा'मधली आणि आवाजातली तक्रार गळून जाईल आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटणार नाही. 'ही वॉज लीअरिंग' म्हणालात, तर तिने न केलेला आरोप तुम्ही केलात. म्हणून तोंड उघडण्याआधी तिलाच विचारा: नजर हलत नव्हती का? तुम्ही बघितल्यावर त्याने नजर वळवली का? चेहऱ्यावर काय होतं, राग, हसू की काहीच नाही? पहिल्या दोन उत्तरांवरून लुक की स्टेअर हे कळेल. तिसऱ्यावरून स्टेअर, ग्लेअर की लीअर. आणि तिसऱ्याचं उत्तर 'नीट आठवत नाही' असं आलं, तर 'स्टेअर'वर थांबा आणि बाकीचं तिच्याच शब्दांत सांगा.